कार्डावरून सभासद क्रमांक : प्रकल्प नोंदी

४ जून

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या सभासद कार्डांवर छापलेली चार अंकी संख्या हा खरा सभासद क्रमांक नाही. वार्षिक सोडतीत कोणाचा क्रमांक जुना आणि कोणाचा नवा हे कार्डावरून ओळखू येऊ नये, म्हणून काही वर्षांपूर्वी खरा क्रमांक एका हिशेबाने फिरवून कार्डावर छापण्याची पद्धत सुरू झाली. अनामत रकमेची वही मात्र आजही खऱ्या क्रमांकानुसारच लावलेली आहे आणि तिला नावांची सूची नाही. सभासद कार्ड परत करून अनामत मागतो, तेव्हा कार्डावरून खरा क्रमांक काढल्याखेरीज वहीचे पान सापडत नाही. हा उलटा हिशेब करणारा संगणक बंद पडला असून त्यातला प्रोग्राम कोणाजवळही उरलेला नाही.

ग्रंथपाल बाईंनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक कागद दाखवला. त्यावर एवढेच लिहिलेले आहे : सभासद क्रमांकाला ठरलेल्या आकड्याने गुणावे, ठरलेला आकडा मिळवावा, शेवटचे चार अंक कार्डावर घालावेत. ते दोन आकडे गोपनीय असल्यामुळे कागदावर लिहिलेले नाहीत. बाई म्हणाल्या, "अहो, एवढ्या कागदावरून काही निघत असेल तर बघा. नाही तर चार हजार सहाशे पानं एकेक करून चाळावी लागतील."

वहीत सध्या ४६१२ पर्यंत क्रमांक आहेत. कार्ड क्रमांक आणि खरा क्रमांक शेजारी शेजारी लिहिलेली एक जुनी वाटप वही मिळाली, परंतु ओल लागल्यामुळे तिच्यातील चारच नोंदी वाचता येतात. गुणकाला a आणि मिळवणीला b म्हटले, तर कागदावरचे वाक्य असे मांडता येते. शेवटचे चार अंक घेणे म्हणजेच १०००० ने भागून बाकी घेणे होय; ज्याने भागायचे त्या १०००० ला मॉड्युलस म्हणतात.

```
y ≡ a*n + b   (mod 10000)

n = 12    y = 8702
n = 37    y = 7627
n = 61    y = 4195
n = 161   y = 9815 (?)
```

चौथ्या नोंदीवर शाई पसरलेली आहे, म्हणून तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवले.

७ जून

पहिला प्रयत्न आज केला आणि तो चुकला. चूक शिकण्याजोगी असल्यामुळे ती जशी घडली तशी नोंदवत आहे.

दोन नोंदींची वजाबाकी केली की मिळवणी उडून जाते आणि एकट्या गुणकाचे समीकरण उरते, हे उघड होते. पहिल्या दोन नोंदी घेतल्या.

```
37a + b ≡ 7627
12a + b ≡ 8702
25a ≡ -1075 ≡ 8925   (mod 10000)
```

८९२५ ला २५ ने नि:शेष भाग जातो, म्हणून शाळेत करतो त्याप्रमाणे दोन्ही बाजूंना २५ ने भागले आणि गुणक ३५७ असल्याचे लिहून टाकले. त्यावरून मिळवणी ४४१८ आली. पडताळा म्हणून ३७ हा क्रमांक घालून पाहिला, तेव्हा नेमके ७६२७ मिळाले आणि काम झाले असे वाटले. नंतर ६१ घालून पाहिले. वहीत ४१९५ आहे आणि माझ्या हिशेबाने ६१९५ आले.

शेवटचे तीन अंक जुळले आणि केवळ हजारचा अंक वेगळा निघाला, यामुळे मी बराच वेळ वाट चुकलो. लिहिणाऱ्याच्या हातून एक अंक चुकला असावा असे समजून मी ती नोंद बाजूला ठेवणार होतो. परंतु वहीतले आकडे मराठीत आहेत, आणि ६ च्या जागी ४ वाचला जावा इतके ते दोन अंक दिसायला जवळचे नाहीत. वहीवर आळ घेण्याआधी स्वतःचा हिशेब तपासायचा असे ठरवून आज थांबलो.

९ जून

चूक सापडली. ती भागाकारातच होती.

वरच्या समशेषतेचा खरा अर्थ असा, की २५a आणि ८९२५ यांतील फरक १०००० च्या पटीत आहे. या वाक्याला २५ ने भागायचे तर त्यातल्या तिन्ही संख्यांना भागले पाहिजे. तसे केल्यावर a आणि ३५७ यांतील फरक ४०० च्या पटीत आहे एवढेच निष्पन्न होते. मी दोन बाजूंना भागले आणि १०००० ला मात्र तसेच ठेवले, म्हणजे हाती नसलेली माहिती हाती आहे असे धरून चाललो.

```
25a ≡ 8925   (mod 10000)
  a ≡ 357    (mod 400)
  a = 357, 757, 1157, 1557, 1957, 2357, ... , 9957
```

याप्रमाणे एक नव्हे, तर पंचवीस उत्तरे निघतात. २५ आणि १०००० यांचा मसावि २५ आहे आणि उत्तरांची संख्याही तेवढीच आहे. हा योगायोग नाही. मसावि जितका मोठा, तितके वेळा मॉड्युलस लहान होतो आणि मूळच्या १०००० मध्ये तितकीच उत्तरे बसतात.

विशेष असे, की या पंचविसांपैकी प्रत्येक गुणक आपापली मिळवणी घेऊन पहिल्या दोन्ही नोंदींशी तंतोतंत जुळतो. म्हणून ३७ चा पडताळा जुळल्याने काहीच सिद्ध होत नव्हते. ज्या नोंदींतून उत्तर काढले, त्यांच्यावरच ते तपासणे हा पडताळाच नव्हे. सर्वच उत्तरांचे शेवटचे दोन अंक ५७ आहेत, तेव्हा १०००० शी सहमूळ नसलेले, म्हणजे २ ने किंवा ५ ने भाग जाणारे, गुणक गाळून यादी लहान करावी म्हटले, तरी एकही गळत नाही.

पंचवीसही उत्तरे तिसऱ्या नोंदीवर घालून पाहणे शक्य होते. संगणकाला तर दहाच्या दहा हजार आकडे तपासायलाही क्षणच लागला असता. तरीही तो मार्ग घेतला नाही, कारण त्यातून उत्तर मिळाले तरी कोणती नोंद किती माहिती देते हे कळत नाही, आणि चौथी नोंद खरी की खोटी हे मला पुढे ठरवायचेच आहे.

१३ जून

आज पहिली आणि तिसरी नोंद घेतली. क्रमांकांतील फरक ६१ − १२, म्हणजे ४९ आहे. ४९ मध्ये ना २ आहे ना ५, त्यामुळे तो १०००० शी सहमूळ आहे.

```
49a ≡ 4195 - 8702 = -4507 ≡ 5493   (mod 10000)
```

५४९३ ला ४९ ने नि:शेष भाग जात नाही, पण त्यामुळे काही अडत नाही. येथे भागायचे नसून अशा संख्येने गुणायचे आहे, की जिने ४९ ला गुणल्यावर शेवटचे चार अंक ०००१ येतील. हाच ४९ चा मॉड्युलो १०००० गुणाकार व्यस्त. तो शोधण्याची रीत म्हणजे मसावि काढण्याचीच भागाकार रीत; केवळ वाटेतली प्रत्येक बाकी मूळच्या दोन संख्यांत मांडून ठेवायची असते.

```
10000 = 204*49 + 4
   49 =  12*4  + 1

1 = 49 - 12*4
  = 49 - 12*(10000 - 204*49)
  = 2449*49 - 12*10000
```

शेवटच्या ओळीतच उत्तर आहे. ४९ × २४४९ = १२०००१, म्हणजे शेवटचे चार अंक ०००१. दोन्ही बाजूंना २४४९ ने गुणले की डावीकडे एकटा a उरतो.

```
a ≡ 2449 * 5493 = 13452357 ≡ 2357   (mod 10000)
b ≡ 8702 - 12*2357 = -19582 ≡ 418   (mod 10000)
```

गुणक २३५७ आणि मिळवणी ४१८. परवाच्या पंचवीस उत्तरांच्या यादीत २३५७ आहेच. तसेच ३७ ची नोंद या उत्तराच्या घडणीत वापरलेली नव्हती, त्यामुळे तिच्यावर घेतलेला पडताळा आता खरा पडताळा ठरतो : ३७ × २३५७ + ४१८ = ८७६२७, कार्ड ७६२७.

७ तारखेला शेवटचे तीन अंक का जुळले होते, हेही उलगडले. माझा चुकीचा गुणक खऱ्यापेक्षा नेमका २००० ने कमी होता. बाराव्या क्रमांकापासून एकसष्टाव्यापर्यंत ४९ पावले जाताना ही तूट ४९ × २०००, म्हणजे ९८००० इतकी साचते, आणि हजाराच्या पूर्ण पटीतली तूट शेवटच्या तीन अंकांना शिवतही नाही. तीन अंक जुळले म्हणून उत्तर जवळजवळ बरोबर आहे, असे या गणितात कधीच म्हणता येत नाही.

१६ जून

आज शाई पसरलेल्या चौथ्या नोंदीचा निकाल लावला. गुणक माहीत असल्यामुळे १६१ घालून सरळ पाहता आले असते, परंतु गुणक माहीत नसतानाही ही नोंद चुकीची असल्याचे कळले असते का, हे मला पाहायचे होते. म्हणून ती तिसऱ्या नोंदीसोबत मांडली.

```
100a ≡ 9815 - 4195 = 5620   (mod 10000)
```

१०० आणि १०००० यांचा मसावि १०० आहे. डाव्या बाजूला १०० ची पट, मॉड्युलसही १०० ची पट. मग उजवी बाजूही १०० च्या पटीत असलीच पाहिजे. ५६२० ला १०० ने भागल्यावर २० उरतात. अर्थात गुणक कोणताही असो, या समशेषतेला एकही उत्तर नाही. दोन नोंदींपैकी किमान एक चुकीची लिहिली किंवा चुकीची वाचली गेली आहे, हे गुणक ठाऊक नसतानाही ठामपणे सांगता येते.

बाईंनी वही खिडकीपाशी उजेडात तिरकी धरली, तेव्हा दशकाच्या अंकाच्या डोक्यावर एक फिकट वळसा दिसला. तो १ नसून ९ होता. ९८१५ नव्हे, तर ९८९५. वजाबाकी ५७०० येते, तिला १०० ने भाग जातो, आणि १६१ × २३५७ + ४१८ = ३७९८९५ हा हिशेबही तेच सांगतो. बाई म्हणाल्या, "जुन्या हातातला नऊ असाच असतो, शेपूट लांब आणि डोकं बारीक." पुढे कार्डे वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

मात्र या चाचणीची मर्यादाही नोंदवून ठेवतो. तीच चूक शतकाच्या अंकात झाली असती, तर फरक ८० ऐवजी ८०० चा पडला असता. ८०० ला १०० ने भाग जातो, त्यामुळे समशेषतेला उत्तरे मिळाली असती आणि चूक निसटली असती. शिवाय ४९ सारख्या सहमूळ फरकाच्या जोडीत तर कोणतीही उजवी बाजू चालते, म्हणजे ती जोडी चूक कधीच दाखवत नाही. ज्या जोडीतून एकच उत्तर मिळते ती चुकीबद्दल मुकी असते, आणि जी जोडी अनेक उत्तरे देते तीच काही चुका पकडते. मला दोन्ही प्रकारच्या जोड्या मिळाल्या, हे या कामाचे भाग्य.

२२ जून

गुणक आणि मिळवणी मिळाली, पण वाचनालयाला हवा आहे उलटा हिशेब. कार्ड क्रमांकातून ४१८ वजा करून उरलेल्याला २३५७ च्या व्यस्ताने गुणले, की खरा क्रमांक मिळेल. हा व्यस्त काढताना बाकी उलट्या क्रमाने घालत बसण्याऐवजी विस्तारित युक्लिड रीत सारणीत मांडली, म्हणजे मागे फिरावे लागत नाही.

```
बाकी     भागाकार    t
10000      -         0
 2357      4         1
  572      4        -4
   69      8        17
   20      3      -140
    9      2       437
    2      4     -1014
    1      2      4493
    0      -    -10000
```

प्रत्येक ओळीत भागाकार म्हणजे वरच्या ओळीतील बाकीला या ओळीतील बाकीने भागल्यावर येणारा पूर्णांक. नवी बाकी जशी तयार होते, तसाच नवा t तयार होतो : दोन ओळी वरच्या t मधून, लगतच्या ओळीतील भागाकार गुणिले तिथलाच t, वजा करायचा. उदाहरणार्थ ६९ च्या ओळीतील १७ हा १ − ४ × (−४) असा आला आहे.

ही सारणी हाताने करताना तपासायचे कसे, तर कोणत्याही ओळीत २३५७ ला t ने गुणले की त्या ओळीतील बाकी मिळालीच पाहिजे, मॉड्युलो १००००. १७ × २३५७ = ४००६९, शेवटचे चार अंक ००६९; ओळीत ६९ आहे. एखाद्या ओळीत चिन्ह चुकले, तर त्याच ओळीत ते कळते, शेवटपर्यंत थांबावे लागत नाही. मला हीच सारणीची खरी सोय वाटते. शून्याच्या ओळीतही एक खूण मिळते : तिथे चिन्ह सोडून १०००० भागिले मसावि एवढी संख्या यायला हवी. येथे मसावि १ आहे आणि −१०००० आले, म्हणजे सारणी बरोबर आहे.

बाकी १ असलेल्या ओळीतील ४४९३ हा व्यस्त आहे.

```
2357 * 4493 = 10590001
n ≡ 4493 * (y - 418)   (mod 10000)
```

३० जून

पालखीमुळे रस्ते बंद होते, वाचनालयात जाता आले नाही. घरी बसून हाच व्यस्त जुन्या कुट्टक रीतीने काढून पाहिला. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये सूत्ररूपाने दिलेली ही रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत सविस्तर मांडली आहे. भागाकार एकाखाली एक लिहून जी उतरंड होते तिला वल्ली म्हणतात, आणि ती खालून वर चढत जायची असते.

आपल्या सारणीत बाकी १ येईपर्यंतचे भागाकार ४, ४, ८, ३, २, ४ असे आहेत. तळाच्या ४ पासून सुरुवात केली आणि प्रत्येक पायरीवर वरच्या भागाकाराने गुणून आधीची संख्या मिळवत गेलो.

```
4
2*4    + 1   = 9
3*9    + 4   = 31
8*31   + 9   = 257
4*257  + 31  = 1059
4*1059 + 257 = 4493
```

माथ्यावर ४४९३ आले. त्याच्या लगेच खालचा १०५९ पाहून मला विशेष आनंद झाला, कारण १०५९०००१ या गुणाकारातले दहा हजारांचे पट तेच आहेत. या रीतीत ऋण संख्या कुठेही येत नाहीत. तिची किंमत एवढीच, की भागाकारांची संख्या सम आहे की विषम हे शेवटी पाहावे लागते. येथे सहा भागाकार आहेत, म्हणून माथ्यावरची संख्या जशीच्या तशी घ्यायची. भागाकार विषम असते, तर ती १०००० मधून वजा करावी लागली असती.

भाज्य, हार आणि क्षेप ही भास्कराचार्यांची नावे आपल्या समीकरणाला थेट लागू पडतात. त्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण असे आहे : २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले असता १९५ ने नि:शेष भाग जाईल? येथे २२१ हा भाज्य, १९५ हा हार आणि ६५ हा क्षेप. २२१ आणि १९५ यांचा मसावि १३ आहे, आणि ६५ लाही १३ ने भाग जातो. तिन्हींना १३ ने छेदले, की १७, १५ आणि ५ उरतात. तिघांनाही भागायचे, ही ९ जूनला मला उशिरा सुचलेली गोष्ट त्यांनी पहिल्याच पायरीवर घातलेली आहे.

```
17x + 5 ≡ 0    (mod 15)
     2x ≡ 10   (mod 15)
      x ≡ 8*10 = 80 ≡ 5
```

१५ ला २ चा व्यस्त ८, आणि उत्तर ५. पडताळा : २२१ × ५ + ६५ = ११७०, म्हणजे १९५ × ६. भाज्य आणि हार यांना ज्या संख्येने भाग जातो, तिने क्षेपाला जात नसेल, तर ते उदाहरणच दुष्ट समजावे असेही त्यांनी सांगून ठेवले आहे. आमच्या वहीतील ९८१५ ची नोंद नेमकी या अर्थाने दुष्ट होती.

६ जुलै

वाचनालयासाठी प्रोग्राम लिहिला. आधी रीत पायथनमध्ये लिहून हाताने केलेल्या सर्व पायऱ्या तिच्यावर तपासल्या.

```python
def kuttak(a, m):
    r0, r1 = m, a % m
    t0, t1 = 0, 1
    while r1:
        q = r0 // r1
        r0, r1 = r1, r0 - q * r1
        t0, t1 = t1, t0 - q * t1
    return r0, t0 % m

def sodhva(a, b, m):
    g, t = kuttak(a, m)
    if b % g:
        return []
    n = m // g
    x = t * (b // g) % n
    return [x + k * n for k in range(g)]
```

पहिला भाग मसावि आणि त्यासोबतचा t देतो, दुसरा भाग समशेषतेची सर्व उत्तरे देतो. `sodhva(25, 8925, 10000)` ने ३५७ पासून ९९५७ पर्यंत पंचवीस उत्तरे दिली, `sodhva(49, 5493, 10000)` ने एकटे २३५७ दिले आणि `sodhva(100, 5620, 10000)` ने रिकामी यादी दिली. जूनमधल्या तिन्ही प्रसंगांचा मिळून हा पुरता पडताळा झाला.

वाचनालयाच्या टेबलावर मात्र ब्राउझरमध्ये उघडणारे साधे पान हवे होते, म्हणून शेवटचे सूत्र जावास्क्रिप्टमध्ये लिहिले.

```js
let n = (4493 * (y - 418)) % 10000;
```

वीसेक कार्डे बरोबर उतरली. त्यानंतर ०२०३ हे कार्ड घातले, तेव्हा उत्तर −५९९५ आले. येथे २०३ मधून ४१८ वजा होऊन −२१५ उरतात, आणि जावास्क्रिप्टमधले % हे चिन्ह बाकीला भाज्याचेच ऋण चिन्ह देते. पायथनमध्ये हीच बाकी ४००५ येते, आणि तोच खरा क्रमांक आहे. दोन्ही उत्तरे १०००० ने समशेष आहेत, त्यामुळे गणित चुकलेले नव्हते. ऋण पानाची वही नसते, एवढीच अडचण होती. हा दोष ०००० ते ०४१७ एवढ्याच कार्डांवर दिसतो, म्हणजे शंभरात सुमारे चार. थोडी कार्डे तपासून थांबलो असतो, तर तो सहज राहून गेला असता.

```js
let n = ((4493 * (y - 418)) % 10000 + 10000) % 10000;
```

दुरुस्तीनंतर १ ते ४६१२ या सर्व क्रमांकांची कार्डे तयार करून ती उलट फिरवली. प्रत्येक क्रमांक आपल्या जागी परत आला. पुढे कधी दहा अंकी कार्डे काढायची झाली, तर हे पान तसेच वापरू नये. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक अचूक धरते, आणि दोन दहा अंकी संख्यांचा गुणाकार त्याच्या कितीतरी पुढे जातो. तेव्हा `BigInt` वापरावे लागेल.

११ जुलै

आज पान प्रत्यक्ष वापरात आले. एक आजी आपल्या यजमानांचे कार्ड घेऊन अनामत परत घ्यायला आल्या होत्या. कार्ड जुने असून त्यावरचा दशकाचा अंक झिजलेला होता. बाईंनी ४२१८ वाचले, पानाने ३४०० सांगितले. वहीत ३४०० व्या पानावर भलतेच नाव निघाले.

या पद्धतीची ही मर्यादा मला आधीच सांगायला हवी होती. २३५७ हा १०००० शी सहमूळ असल्यामुळे प्रत्येक चार अंकी संख्या कुठल्या ना कुठल्या क्रमांकाला उलगडतेच. चुकीच्या वाचनातून ४६१२ च्या वरचा क्रमांक निघाला, तर चूक उघडी पडते. पण त्याखालचा निघाला, तर गणिताच्या बाजूने काहीही खटकत नाही. कार्डावर तपासणीचा वेगळा अंक नाही, म्हणून नाव जुळवून पाहण्याला पर्याय नाही. पानावर उत्तराखाली तशी सूचना आजच घातली.

मग लांब शेपटीचा नऊ आठवला. ४२९८ घालून पाहिले : ३८८० × ४४९३ = १७४३२८४०, क्रमांक २८४०. बाईंनी ते पान उघडले. यजमानांचे नाव, पत्ता आणि अनामत रक्कम तिथे होती. बाईंनी २८४० समोर समासात ४२९८ लिहिले, आणि यापुढे कार्ड परत येईल तसा प्रत्येक पानावर कार्ड क्रमांक लिहून ठेवायचे ठरले.